मुलाखतीनंतर पाठवायचा नमुना

मुलाखत आटोपल्यावर आपल्या कामाचा आणखी एखादा नमुना पाठवावा की नाही, याबद्दल उमेदवारांच्या मनात धाकधूक असते. पाठवला तर मागे लागल्यासारखे दिसेल आणि गप्प बसले तर हातची संधी जाईल, अशी ती कोंडी असते. डिझाइन, लेखन, भाषांतर, प्रोग्रॅमिंग, छायाचित्रण अशा, काम दाखवता येणाऱ्या व्यवसायांत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाखतीनंतर पडतो. त्याचे उत्तर उमेदवाराच्या धिटाईवर अवलंबून नसते. मुलाखतीत एखादा प्रश्न अर्धवट राहिला का, आणि पाठवलेला नमुना नेमके त्याचेच उत्तर देतो का, या दोन गोष्टींवर सगळे ठरते. दोन्ही जमल्या, तर निवड करणाऱ्यांचे काम सोपे होते आणि त्यांना नमुना हवासा वाटतो. त्यांतली एक जरी नसली, तर तोच नमुना ओझे होतो.

प्रश्न अर्धवट राहण्याचे कारण साधे आहे. पोर्टफोलिओ मुलाखतीच्या आधी तयार झालेला असतो, म्हणून तो सर्वसाधारण असतो. कंपनीची खरी अडचण कुठे आहे, हे उमेदवाराला मुलाखतीच्या खोलीतच पहिल्यांदा कळते. जाहिरातीत ‘पॅकेजिंग डिझायनर हवा’ एवढेच छापलेले असते. कोणते पॅकेजिंग, कोणत्या छपाईवर, कुठे अडते आहे, हे समोरचा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा उलगडते. त्या क्षणी दाखवण्याजोगे काम हाताशी नसेल, तर उमेदवार ‘जमेल’ म्हणतो. मुलाखत घेणाऱ्याच्या कागदावर मात्र त्या रकान्यात काही भरले जात नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहू. कोल्हापूरकडच्या एका मसाला उत्पादकाकडे पॅकेजिंग डिझायनरची जागा आहे. मुलाखतीला आलेल्या तरुण डिझायनरच्या पोर्टफोलिओत मिठाईचे खोके, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि अर्धा किलो चटणीचे उभे पाऊच आहेत. काम नेटके आहे. डिझाइन विभागाच्या प्रमुख बाई खूश दिसतात. शेजारी बसलेले प्रॉडक्शन मॅनेजर मात्र विचारतात, “वीस ग्रॅमच्या पाकिटावर मराठी मजकूर बसवलाय का कधी? आमच्याकडे छापून आला की वाचताच येत नाही.” ती सांगते, “मोठ्या पाकिटांवर केलंय सर, एवढ्या लहानावर संधी आली नाही. पण जमेल.” पुढचा प्रश्न येतो आणि विषय तिथेच राहतो.

हा प्रश्न सहज विचारलेला नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय छापायचे, हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, शाकाहारी पदार्थाचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचे बोधचिन्ह आणि त्याखाली चौदा अंकी परवाना क्रमांक, अशी ती यादी आहे. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत देणे बंधनकारक आहे. मराठी मजकूर त्याशिवाय छापता येतो, पण त्याऐवजी चालत नाही. गावोगावच्या किराणा दुकानांत लोंबणाऱ्या पाकिटांवर मराठी हवीच असते, त्यामुळे तळहाताहून लहान जागेत दोन भाषा नांदवाव्या लागतात.

त्यातून देवनागरीची स्वतःची गरज वेगळी आहे. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. तेव्हा इंग्रजीच्याच मापात लावलेले मराठी अक्षर डोळ्याला लहान दिसते आणि ओळींमध्ये जास्त मोकळी जागा मागते. अशी पाकिटे बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा कोरीव सिलिंडर असतो. फिल्म वेगाने पुढे सरकताना किंचित ताणली जाते आणि रंग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. बारीक मजकूर दोन-तीन रंगांच्या मिश्रणाने छापला असेल, किंवा गडद रंगातून पांढरा सोडवून काढला असेल, तर ‘ष’चा पोट-भाग, ‘भ’ची गाठ आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारख्या जोडाक्षरांतली फट शाईने भरून जाते. प्रॉडक्शन मॅनेजर बोलत होते ते याबद्दल. त्यांना सुंदर रचना नको आहे, वाचता येणारी हवी आहे.

मुलाखतीनंतर या उमेदवाराने काय पाठवावे, हे आता जवळजवळ ठरल्यासारखेच आहे. मिठाईचे आणखी तीन खोके पाठवून काही उपयोग नाही, कारण त्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. वीस ग्रॅमच्या पाकिटाची मागची बाजू पाठवायला हवी. तीही त्याच कंपनीच्या पाकिटाची नको. कुणी सांगितलेले नसताना कंपनीच्या चालू मालाचे डिझाइन बदलून पाठवणे हे टीकेसारखे लागते. शिवाय आधीचे डिझाइन तसे का झाले, याची कारणे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात. सिलिंडर आधीच कोरलेले असतील, मालकांच्या वडिलांनी निवडलेला रंग असेल, वितरकांचा आग्रह असेल. काल्पनिक नावाच्या हळदीचे पाकीट घेतले, की अडचण तीच राहते आणि कुणाच्या कामावर बोट ठेवले जात नाही.

ती एकच पान करते. डाव्या बाजूला पाकिटाची मागची बाजू मूळ मापात, ८ बाय ११ सेंटिमीटर. उजवीकडे मजकुराचा एक तुकडा चौपट मोठा केलेला, म्हणजे अक्षरांच्या फटी मोकळ्या राहिल्या आहेत हे दिसावे. सगळा बारीक मजकूर फिकट पट्टीवर एकाच काळ्या रंगात आहे, म्हणजे रंग सरकले तरी अक्षर फुटणार नाही. टंक म्हणून तिने ‘मुक्त’ निवडला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या गटाने तो तयार केला. तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो, त्याच्या अक्षरांची पोटे मोकळी आहेत आणि वजनांचे बरेच प्रकार मिळतात. हे पान मूळ मापात छापून, शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून काढलेला फोटो कोपऱ्यात आहे, कारण पडद्यावर मूळ माप कधीच कळत नाही. खाली तीन ओळींची टीप आहे. तिच्यातले शेवटचे वाक्य असे: ‘हा नमुना घरच्या प्रिंटरवर कागदावर छापून पाहिला आहे; फिल्मवर चाचणी झालेली नाही.’

ते शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. कागदावर लेझर प्रिंटरने छापणे आणि फिल्मवर ग्रॅव्ह्युअरने छापणे यांत अंतर आहे, हे प्रॉडक्शन मॅनेजरना पक्के ठाऊक असते. उमेदवारालाही ते ठाऊक आहे, हे त्या वाक्याने कळते. ते नसते, तर नमुना पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच आली असती आणि उत्तर द्यायला उमेदवार समोर नसती.

या कामाला दोन संध्याकाळी पुरतात, आणि त्याहून जास्त वेळ देऊ नये. एक तर वेळेची शिस्त हेही कौशल्य आहे. दुसरे असे, की निर्णयाचे घड्याळ चालू झालेले असते. मुलाखत घेणारे आपले शेरे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहितात. सगळे उमेदवार पाहून झाले, की ते एकत्र बसून नावे ठरवतात. नमुना त्या बैठकीच्या आधी पोहोचला तर रिकामा रकाना भरतो. नंतर पोहोचला, तर झालेला निर्णय पुन्हा उघडायला लावतो, आणि ते सहसा कुणी करत नाही. म्हणून मुलाखत संपताना दोन गोष्टी विचारून घेणे सर्वांत उत्तम: निर्णय साधारण कधी होणार, आणि ‘लहान पाकिटाबद्दल विचारलंत, त्याचा एक नमुना करून पाठवला तर चालेल का?’ समोरून ‘पाठवा की’ एवढे जरी आले, तरी नमुन्याचा दर्जा बदलतो. तो आता आगंतुक राहत नाही, त्याची वाट पाहिली जाते. मुलाखतीत विचारायचे सुचले नाही, तर त्याच संध्याकाळी आभाराच्या दोन ओळी पाठवताना ते विचारता येते.

समजा मुलाखत मंगळवारी झाली आणि पुढच्या सोमवारपर्यंत इतरांच्या मुलाखती आहेत असे कळले. नमुना गुरुवारी जावा. मेल मुलाखतीचे बोलावणे आले होते त्याच मेलला उत्तर म्हणून, एचआरच्या पत्त्यावर जावा, म्हणजे कोण उमेदवार आणि कोणती जागा हे शोधावे लागत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी स्वतःचा पत्ता दिला असेल तर त्यांना प्रत पाठवावी. त्यांचा नंबर कुठून तरी मिळवून व्हॉट्सॲप करणे मात्र टाळावे. मजकूर साधारण असा असू शकतो:

विषय: पॅकेजिंग डिझायनर – मंगळवारची मुलाखत – २० ग्रॅम पाकिटाचा नमुना

माननीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.
मंगळवारच्या मुलाखतीत प्रॉडक्शन मॅनेजर सरांनी लहान पाकिटावरचा मराठी मजकूर छापल्यावर वाचता येतो का, असे विचारले होते. त्या वेळी माझ्याकडे दाखवण्यासारखे काम नव्हते. आता एक पान तयार केले आहे, ते सोबत जोडले आहे. उजवीकडचा मोठा केलेला भाग पाहिला तरी पुरेसे आहे. एखादे मिनिट लागेल.
ब्रँडचे नाव काल्पनिक आहे आणि छपाई फक्त कागदावर पाहिली आहे. फिल्मवर काय फरक पडेल याबद्दल सरांचे मत मिळाले तर मला शिकायला मिळेल, पण उत्तराची घाई नाही.
हे पान कृपया त्यांच्यापर्यंत पोहोचवावे.
आपली नम्र,

या मेलमध्ये काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ हा प्रश्न नाही. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ नाही. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा’ नाही. विचारलेला प्रश्न कुणाचा होता, तो कोणत्या शब्दांत होता आणि उत्तर कुठे पाहायचे, एवढेच आहे. मागे लागणे आणि भर घालणे यांतला फरक तपासायची एक सोपी रीत आहे. जोडलेला नमुना काढून टाकावा आणि उरलेला मेल वाचावा. नमुना काढल्यावर मेलला अर्थच उरत नसेल, तर तो नमुन्यासाठीच लिहिलेला आहे. नमुना काढूनही ‘काय ठरले ते कळवा’ हा मजकूर शाबूत राहत असेल, तर नमुना निमित्तापुरता आहे, आणि वाचणाऱ्याच्या ते पहिल्या दोन ओळींतच लक्षात येते.

पाठवण्याच्या तांत्रिक बाजूने होणारी फजिती मराठी कामात जास्त दिसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेली फाइल समोरच्याकडे तो टंक नसला, की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी चालू केलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटलेली दिसतात. घाईत हे सुटते, आणि मराठी मजकूर बसवण्याचे कौशल्य दाखवण्यासाठीच पाठवलेल्या पानावर ते दिसले तर सगळेच मुसळ केरात. टंक आत बसवलेली पीडीएफ करावी, ती दुसऱ्याच्या संगणकावर आणि फोनवर उघडून पाहावी, आणि मराठी नीट वाचणाऱ्या एखाद्याकडून मजकूर तपासून घ्यावा.

फाइलचे वजनही पाहावे. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी जोडणी जात नाही, तिची ड्राइव्हची लिंक होते. लिंकची परवानगी `Restricted` राहिली, तर समोरच्याला परवानगी मागणारा पडदा दिसतो, आणि तिथेच तो सोडून देतो. लिंक द्यायचीच असेल तर ती `Anyone with the link` आणि `Viewer` अशी ठेवून, खात्यातून बाहेर पडून एकदा उघडून पाहावी. एका पानाची पीडीएफ एक-दोन एमबीत बसते, तेव्हा लिंकची गरज पडूच नये. व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यांनीच सांगितले, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरेच आधी बिघडतात. फाइलच्या नावात काय आहे ते कळावे: `halad-20g-magchi-baju.pdf` हे नाव `final-new-2.pdf` पेक्षा कितीतरी बरे.

जुने काम पाठवण्यात एक वेगळा धोका आहे. या डिझायनरने आधीच्या नोकरीत एका लोणच्याच्या लहान पाऊचवर काम केले होते, पण तो माल अजून बाजारात आलेला नाही, असे समजू. ते पान पाठवण्याचा मोह होईल, कारण ते खरे, छापलेले काम आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाजारात आलेल्या मालाचा फोटो पोर्टफोलिओत ठेवण्याची पद्धत रूढ आहे, तरी नियुक्तीच्या करारात काय लिहिले आहे ते पाहावेच लागते. बाजारात न आलेला माल मात्र सरळ गोपनीय ठरतो. कायदा बाजूला ठेवला, तरी समोर बसलेले लोक एवढा हिशोब करतातच, की जुन्या मालकाचे न आलेले पाकीट ही आज आपल्याला दाखवते, तर उद्या आपले दुसऱ्याला दाखवेल. नव्याने केलेला काल्पनिक नमुना या दोन्ही अडचणींतून सुटतो, आणि त्याचा हक्कही डिझायनरकडेच राहतो.

दुसरी नेहमीची चूक संख्येची. एकाच्या ऐवजी पाच नमुने पाठवले, तर निवड करण्याचे काम वाचणाऱ्यावर येते. त्याला मुलाखतीतला एक प्रश्न आठवत असतो, त्या पाच फायलींतली कोणती त्याचे उत्तर आहे हे शोधायला त्याच्याकडे वेळ नसतो. पाचांतला सर्वांत कच्चा नमुना आधी उघडला गेला, तर त्यावरूनच मत बनते. एक प्रश्न, एक नमुना, एकदाच. दोन प्रश्न अर्धवट राहिले असतील, तर ज्याच्या उत्तरावर जागा अवलंबून आहे तो निवडावा. इथे प्रमुख बाईंनी इन्स्टाग्रामच्या पोस्टबद्दलही विचारले असते, तरी पाकीटच निवडायला हवे होते, कारण कंपनीचे पैसे पाकिटाच्या सिलिंडरांत अडकलेले असतात.

काही ठिकाणी हा सगळा विचार लागूच होत नाही. सरकारी आणि निमसरकारी भरतीच्या जाहिरातींत, कोणत्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशा अर्थाची ओळ बहुधा असते. तिथे मुलाखतीनंतर मंडळाला काहीही पाठवू नये. हेतू निर्मळ असला तरी नियम तो पाहत नाही. मोठ्या कंपन्यांत काही ठिकाणी सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या पट्टीवर गुण देतात. एकाकडून आलेला जादा मजकूर धरला तर इतरांवर अन्याय होतो, म्हणून तो मुद्दाम बाजूला ठेवला जातो. एचआरने ‘आता काही पाठवू नका’ असे सांगितले असेल, तर तो शेवटचा शब्द. आणि जिथे मुलाखतीनंतर कंपनी स्वतःच घरी करायची चाचणी देते, तिथे सगळी मेहनत त्या चाचणीत घालावी, वेगळा नमुना करत बसू नये.

मुलाखतीत काहीच अर्धवट राहिले नाही, असेही होते. सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली गेली, दाखवायचे ते दाखवून झाले. अशा वेळी आभाराच्या दोन ओळी पुरेत. उगाच शोधून काढलेला प्रश्न वाचणाऱ्याला ओळखू येतो.

नमुना गेल्यावर बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही. त्याचा अर्थ नमुना पाहिला नाही असा होत नाही. एचआरकडून तो पुढे जातो, बैठकीत समोर येतो आणि उमेदवाराला कुणी कळवत नाही. या काळात दुसरा नमुना पाठवू नये, कारण त्याने पहिल्याचेही वजन कमी होते आणि दोन्ही मिळून पाठपुरावाच दिसू लागतो. कंपनीने सांगितलेली तारीख उलटून चार-पाच कामाचे दिवस गेले, की एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही: निर्णय झाला आहे का, आणि नसल्यास साधारण कधी अपेक्षित आहे. त्या मेलमध्ये नमुन्याचा उल्लेखही नको. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच पहिली स्वच्छ राहते.

दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले, तर संभाषण बऱ्याचदा त्या पानापासूनच सुरू होते. म्हणून त्यावरची प्रत्येक निवड तोंडी समजावता आली पाहिजे: हाच टंक का, पट्टी फिकट पिवळी का आणि पांढरी का नाही, किंमत आणि तारीख नंतर छापण्यासाठी जागा कुठे ठेवली, पाकिटाच्या कडा सील होतात तिथून मजकूर किती आत घेतला. शेवटच्या दोन गोष्टी या डिझायनरच्या हातून राहून गेल्या असतील, अशी शक्यता बरीच आहे. प्रॉडक्शन मॅनेजर त्या दाखवून देतील. अशा वेळी ‘हो, सीलची जागा सोडायला हवी होती, मजकूर एवढा आत घेऊन दाखवते’ असे म्हणत तिथेच कागदावर दुरुस्ती करता आली, तर निर्दोष नमुन्याइतकाच त्याचा उपयोग होतो. शिकवलेले पटकन उचलणारी व्यक्ती समोर आहे, हे त्यांना दिसते.

नोकरी मिळाली नाही, तरी पान वाया जात नाही. ते दुरुस्त करून, ‘काल्पनिक ब्रँड, सरावासाठी’ अशी स्पष्ट नोंद घालून पोर्टफोलिओत ठेवता येते. मसाले, चहा, शॅम्पू, बिस्किटे अशा लहान पाकिटांच्या मालात पुढच्या मुलाखतीतही हाच प्रश्न येण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा उत्तर बॅगेत असेल.